हमरस्त्यावरचा एकटा राजा

पटावर पांढऱ्याचे तीन राजे उरले आहेत आणि काळ्याचा एकच. बुद्धिबळात एवढी आघाडी असेल तर समोरचा हात मिळवून उठतो. रशियन ड्राफ्ट्समध्ये मात्र तो आधी एक गोष्ट पाहतो: आपला एकटा राजा कोणत्या रेषेवर उभा आहे?

हा खेळ आपल्या ओळखीच्या चौसष्ट घरांच्या पटावरच, फक्त काळ्या घरांवर चालतो. सोंगटी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचली की राजा होते. हा राजा ‘उडता’ असतो. तिरक्या रेषेत मोकळी असतील तेवढी घरे तो एका चालीत जातो. वाटेत शत्रूची सोंगटी असेल आणि तिच्यामागचे घर रिकामे असेल, तर तिच्यावरून उडी मारून तो तिला मारतो आणि पलीकडच्या कोणत्याही मोकळ्या घरात उतरतो. मारणे सक्तीचे असते. एक मारल्यावर दुसरी मारता येत असेल तर तीही मारावीच लागते, आणि पुढची मार जिथून शक्य आहे अशाच घरात उतरावे लागते. शेवटचा हा नियम लक्षात ठेवा. सगळा डाव त्यावरच फिरणार आहे.

पटाचे स्तंभ डावीकडून उजवीकडे ए ते एच आणि ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ धरू. डाव्या कोपऱ्यातल्या ए१पासून समोरच्या एच८पर्यंत आठ काळ्या घरांचा कर्ण जातो. रशियन खेळाडूंच्या लेखी हा पटावरचा मोठा रस्ता. आपण त्याला हमरस्ता म्हणू. एकटा राजा या रस्त्यावर नसेल तर तीन राजे त्याला हमखास पकडतात. ती रीत ‘पेत्रोव्हचा त्रिकोण’ म्हणून ओळखली जाते. अलेक्सांद्र पेत्रोव्ह (१७९४–१८६७) हे रशियाचे नामांकित बुद्धिबळपटू. ड्राफ्ट्सवरचे पहिले रशियन पुस्तक त्यांनीच १८२४ नंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८२७ साली काढले. तीन राजे त्रिकोणात मांडून ते आकुंचित करत नेले की पंधरा चालींच्या आत निकाल लागतो, आणि नियमही तेवढ्याच चाली देतो.

राजा हमरस्त्यावर असेल तर पुस्तकी निकाल बरोबरीचा. कारण पटावर बोट फिरवून पाहता येते. रस्त्याबाहेरच्या कोणत्याही घरातून निघालात, तरी रस्त्याला छेदणारी तिरकी रेषा एकच मिळते आणि ती रस्त्याच्या एकाच घराला भिडते. म्हणजे बाहेरचा एक राजा रस्त्यावरच्या एकाच घरावर डोळा ठेवू शकतो, तिघे मिळून फार तर तीन घरांवर. त्यातही ए१ आणि एच८ हे दोन कोपरे कुणाच्याच टप्प्यात येत नाहीत. तिथे पोचायचे तर आधी रस्त्यावरच पाऊल ठेवावे लागते, आणि ठेवले की काळा राजा त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जातो. म्हणून एकटा राजा ए१वरून एच८ला आणि एच८वरून ए१ला येरझारा घालत बसतो. नियमाने पांढऱ्याला अशा स्थितीत पाचच चाली मिळतात. तेवढ्यात जिंकण्याजोगी स्थिती आली नाही तर डाव बरोबरीत सुटतो.

मग त्या पाच चालींत करायचे काय? राजाला रस्त्यावर पकडता येत नाही, पण सक्तीच्या मारीने रस्त्यावरून खाली ओढता येते.

एक स्थिती मांडून पाहू. पांढरे राजे ए७, एफ८ आणि एच२ या घरांत आहेत, काळा राजा ए१च्या कोपऱ्यात. पाळी पांढऱ्याची. तो एफ८वरचा राजा तिरका खाली आणून सी५ला ठेवतो. वरवर पाहता ही चाल कशालाच हात लावत नाही. पण आता ए७ आणि सी५ एकाच तिरक्या रेषेवर आले आहेत, मधले बी६ मोकळे आहे आणि तीच रेषा पुढे डी४पाशी हमरस्ता ओलांडते.

काळा सवयीने ए१वरून एच८ला जातो. पांढरा एच२वरचा राजा ई५वर, थेट हमरस्त्यावर आणून ठेवतो. फुकटचा बळी दिसतो, पण काळ्याला निवड नाही. एच८वरून ई५ मारल्यावर डी४, सी३, बी२, ए१ ही चारही घरे मोकळी आहेत. त्याला आवडला असता ए१चा कोपरा. पण डी४ला उतरले तर सी५वरचा राजाही मारता येतो, म्हणून डी४लाच उतरावे लागते. तिथून वळून तो सी५वरून उडी मारतो. पुढे ए७वर पांढरा राजा बसलेला असल्याने त्याला बी६वरच थांबावे लागते. मार संपली, मारलेले दोन्ही राजे पटावरून उचलले गेले आणि सी५ मोकळे झाले. आता ए७वरचा राजा बी६वरून उडी मारतो आणि काळ्याकडे काहीच उरत नाही. तीनपैकी दोन राजे देऊन डाव जिंकला.

पांढरा सी५ला आल्यावर काळ्यापुढे सात घरे होती. डी४ला गेला असता तर सी५वरच्या राजाने लगेच मारले असते, ई५ला गेला असता तर एच२वरच्याने. एफ६ किंवा जी७ला थांबला असता तरी ई५चा बळी तेच काम करतो. फास चुकतो तो फक्त बी२ किंवा सी३ला. तिथून ई५ मारले तर उतरायची घरे पलीकडे, एच८च्या बाजूला येतात. डी४ची सक्ती उरत नाही. पांढऱ्याने हे न पाहता ई५ला राजा टाकला तर तो नुसताच जातो आणि उरलेल्या दोघांना करण्यासारखे काही राहत नाही.

दुसरी नेहमीची चूक ए७च्या राजाबाबत होते. तो तिथे नसेल तर काळा बी६ऐवजी थेट ए७च्या कडेला जाऊन उतरतो. कडेच्या सोंगटीमागे घर नसते, म्हणून तिला मारता येत नाही. पांढऱ्याचे दोन राजे गेले आणि हाती एकच उरला, तर डाव बरोबरीत काढणेच उरते. तेव्हा बळी देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासायच्या: कडेला ए७, एक घर सोडून सी५, आणि काळा राजा डी४च्या वरच्या बाजूला. हाच सापळा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जी१, ई३ आणि बी८ या घरांत जसाच्या तसा मांडता येतो. तिथे बळी बी८वरून ई५ला येतो आणि काळा एफ२वर अडकतो.

बचाव नेमका खेळला तर हमरस्ता काळ्याला वाचवतो, हे या सापळ्याने बदलत नाही. पण येरझारा घालणारा खेळाडू बहुधा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो, कारण कोपऱ्यात कुणी पोचत नाही हे त्याला ठाऊक असते. पांढऱ्याने पाच चाली याच सवयीवर खर्चाव्यात. काळ्याने मात्र प्रत्येक चालीआधी कोपऱ्याऐवजी डी४ आणि ई५ या दोन घरांतून बाहेर जाणाऱ्या रेषा पाहाव्यात. त्यांच्यावर शत्रूचे दोन राजे मध्ये एक घर सोडून उभे दिसले, की लांबची उडी टाळून जवळच्या घरात थांबावे.