आरशात काहीच दिसत नाही, तरी जिभेची आग

मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर जीभ बाहेर काढायची, उलटसुलट करून पाहायची आणि काहीच न सापडल्यामुळे जास्तच घाबरायचं. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकांनी हा प्रकार दवाखान्यात येण्याआधी कित्येकदा केलेला असतो. फोड नाही, चट्टा नाही, म्हणजे ज्याला आपण ‘तोंड आलंय’ म्हणतो तसं काही नाही. तरी जिभेचं टोक गरम चहाने पोळल्यासारखं चरचरत राहतं. घरचे म्हणतात, उष्णता वाढली असेल. मग गुलकंद होतो, सब्जा होतो आणि शेवटी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू होतात.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. वय ४७, पूर्ण शाकाहारी, आठ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, शिवाय रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. गेल्या वर्षभरात पाळीत रक्तस्रावही जास्त. चार महिन्यांपासून जिभेची आग.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधा असतो. “काकू, जेवताना आग वाढते की कमी होते?”

“ठेच्याचं नुसतं बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं. साधा वरणभातसुद्धा झोंबतो.”

या उत्तराला वजन आहे. खाताना वाढणारी आग बहुधा जिभेच्या पातळ झालेल्या आवरणाकडे किंवा कोरड्या तोंडाकडे बोट दाखवते. मग तपासणी होते. जीभ कापसाच्या पट्टीत धरून कडा आणि खालची बाजू पाहतात, बोटाने चाचपतात. कवळी असेल तर ती काढायला लावतात, कारण तिच्याखाली बुरशीचा संसर्ग लपून राहतो. तोंडाचा आरसा गालाच्या आतल्या बाजूला चिकटत असेल तर लाळ कमी आहे असं समजायचं. सुपारी-गुटख्याची सवयही विचारतात. त्या आजारातही तिखट झोंबतं, पण तिथे गाल आतून पांढुरके, ताठ होतात आणि तोंड पूर्ण उघडत नाही. काकूंच्या तोंडात यातलं काहीच नव्हतं.

आता रक्त. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे किंचित कमी. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे अहवालातला एमसीव्ही, ८६, अगदी सामान्य. इथेच फसायला होतं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असतील तर लहान-मोठ्यांची सरासरी नेमकी मधोमध येते आणि अहवाल निर्दोष वाटतो. शंका आली ती त्याच कागदावरच्या आरडीडब्ल्यू या आकड्यामुळे. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि तो वाढलेला होता. पुढच्या तपासणीत बी-१२ निघालं १४० (२००च्या खाली म्हणजे कमी) आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९ (१५च्या खाली म्हणजे साठा संपल्यातच जमा). मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. त्यात आहारात ते मिळायची जागा म्हणजे फक्त दूध-दही.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची अडचण इथे कळते. त्या आठवडाभर खाऊन रक्त दिलं तर बी-१२चा आकडा वर दिसतो, कमतरता मात्र शरीरात तशीच असते. म्हणून आधी रक्त, मग गोळी. १४० आणि २०० यांतला फरक त्या आठवड्यात पुसला जाऊ शकतो.

काकूंना बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी दिवसाआड, मग आठवड्याला. सोबत लोहाची गोळी, चहापासून दूर ठेवून. रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, नाहीतर गळक्या हंड्यात पाणी भरल्यासारखं झालं असतं. अडीच महिन्यांनी वरणभात झोंबेनासा झाला.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहींचे सगळे अहवाल चांगले येतात, साखर, थायरॉइडसुद्धा. त्यांची हकिगतही वेगळी असते: सकाळी बरं, दिवस चढतो तशी आग चढते, संध्याकाळी असह्य, आणि गंमत म्हणजे जेवताना किंवा काही चघळताना बरं वाटतं. बहुतेक जणी पाळी थांबलेल्या असतात. तोंडाला धातूसारखी, कडवट चव येते. रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ असं चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. यात दोष जिभेच्या कातडीचा नसून संवेदना वाहून नेणाऱ्या नसांचा असतो असं मानलं जातं. म्हणून मलमं, गुळण्या फारशा लागू पडत नाहीत. काहींना क्लोनाझेपामची गोळी तोंडात विरघळवून, तीन मिनिटं तो रस जिभेवर घोळवून थुंकून टाकायला सांगतात. गोळी गिळायची नसते, तरी थोडी झोप येतेच. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते.