मैत्रिणीच्या चेहऱ्यावर किती हात फिरवायचा?

पोर्ट्रेट शिकताना विद्यार्थी बहुतेक वेळा आपल्याच मित्रमैत्रिणींना समोर बसवतात आणि घरी जाऊन फोटोंचं ‘टचिंग’ करून आणतात. पुण्यातल्या एका फोटोग्राफीच्या वर्गात हे फोटो पडद्यावर लावण्याआधी तिथले सर थोडा वेळ बोलतात. मला ते बोलणं वर्गाबाहेरच्यांनीही ऐकावं असं वाटलं, कारण हल्ली टचिंग आपण सगळेच करतो.

सर सुरुवात करतात ती कॅमेऱ्याच्या खोटेपणापासून. ‘‘तुमच्या मैत्रिणीचं नाक मोठं नाहीये. तुम्ही मोबाइल तिच्या तोंडापासून फूटभरावर धरलात, म्हणून ते मोठं दिसतंय.’’ इतक्या जवळून कानांपेक्षा नाक कॅमेऱ्याला फारच जवळ असतं. पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला, तेव्हा फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं असं निघालं. अशा वेळी ‘लिक्विफाय’ने नाक दाबत बसू नये, मागे सरकून फोटो पुन्हा काढावा. ट्यूबलाइटमुळे चेहऱ्यावर आलेली हिरवट झाक मात्र खुशाल काढावी. ती उजेडाची आहे, मैत्रिणीची नाही.

मग चेहऱ्याची पाळी येते. इथे सर रिटचिंग करणाऱ्यांमधला एक जुना ठोकताळा सांगतात: पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे, ते काढायला हरकत नाही. समजा, एका मुलीच्या हनुवटीवर पिकलेली पुटकुळी आहे, ओठाच्या वर तीळ आहे, भुवईत लहानपणी पडल्याची खूण आहे आणि परीक्षेच्या जागरणाने डोळ्यांखाली काळं आलंय. पुटकुळी ‘हीलिंग ब्रश’ने काढा. तीळ आणि भुवईतली खूण तशीच राहू द्या. ‘‘तीळ पुसलात, तर तो तुम्हाला खटकत होता हे तिला फोटो बघूनच कळेल. तिला तो कधी खटकलाही नसेल.’’

डोळ्यांखालच्या काळ्याचं काम जरा नाजूक आहे. ते साफ पुसलं तर डोळ्यांची खोबण सपाट होते आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो, कारण तिथली थोडी सावली हाडाच्या ठेवणीमुळेच पडलेली असते. म्हणून दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करायची आणि मग त्या लेयरची ‘ओपॅसिटी’ चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणायची. जागरण कमी दिसतं, डोळे तिचेच राहतात.

आपला हात कुठे सुटला हे ओळखायला सर चेहऱ्याकडे नाही, आजूबाजूला बघायला सांगतात. गाल काचेसारखा गुळगुळीत आणि कानावर मात्र त्वचेची छिद्रं दिसतायत, तर गालावर जास्त घासलं गेलंय. कंबर बारीक केली असेल तर मागची दाराची चौकट किंवा ड्रेसच्या चौकड्या वाकलेल्या सापडतात. फोटो खूप मोठा करून काम करण्यानेही घोळ होतो. दोनशे टक्क्यांवर प्रत्येक छिद्र डाग वाटतं, म्हणून अधूनमधून पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल इतका लहान करून बघावा.

रंगाबद्दल सर जास्त कडक आहेत, आणि मला ते बरोबर वाटतं. लग्नाच्या अल्बमांत सगळं वऱ्हाड एका रंगाचं झालेलं आपण पाहतोच. फोटो काळोखा आला असेल तर सगळाच उजळा: भिंत, कपडे, हात, सगळं. एकटा चेहरा उजळला की मान आणि हात सावळे राहून भांडं फुटतं. पूर्वी स्टुडिओतले कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रेघ न् रेघ भरून सुरकुत्या फिक्या करत. त्या कामाला बराच वेळ लागायचा. आता एक स्लायडर सरकवला की झालं.

एका मुलीने विचारलं, ‘‘सर, मैत्रीण स्वतःच म्हणाली की तीळ काढ, तर?’’

‘‘मग काढ. चेहरा तिचा आहे. पण मूळ फाइल जपून ठेव, दोन्ही फोटो तिला शेजारी शेजारी दाखव आणि तिला ठरवू दे.’’

‘‘आणि फोटो स्थळासाठी हवा असेल तर?’’

वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. पासपोर्टच्या फोटोत चेहरा बदलायला बंदी असते, कारण समोरचा माणूस त्या फोटोवरून प्रत्यक्षातला चेहरा ओळखणार असतो, असं ते म्हणाले. स्थळाच्या फोटोचंही काम तेच; तिथे पुटकुळीपलीकडे हात लावायचा नाही, मैत्रिणीने कितीही गळ घातली तरी. त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘पण सर, मुलाकडच्यांनी पाठवलेला फोटोही टच केलेलाच असतो!’’ यावर वाद सुरू झाला आणि पडद्यावर फोटो लावायला बराच उशीर झाला.