किल्ली हरवलेलं कुलूप कापताना

वसतिगृहात कुलूप तोडायची वेळ बहुतेक वेळा घाईच्या क्षणी येते. समजा, सकाळी दहाला पेपर आहे, हॉलतिकीट पत्र्याच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली सापडत नाही. अशा वेळी कोणीतरी हातोडी आणतं. हातोडी मुळीच वापरू देऊ नये. ठोके कुलपावर बसतात तसेच कोयंड्यावरही बसतात. त्यामुळे पत्रा फाटतो, लाकडी दाराची चौकट चिरते, कुलपाच्या धातूचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो, आणि इतकं करून कुलूप बंद ते बंदच राहतं.

आधी ट्रंक कोणाची आहे ते नक्की करा. एका खोलीत तिघांच्या तीन सारख्या ट्रंका असतात आणि कुलपंही एकाच दुकानातली असतात. मुलाला आत काय काय आहे ते आधी विचारून लिहून घ्या, खोलीतल्या सोबत्याला साक्षीला उभं करा आणि नोंदवहीत त्याची सही घ्या. झाकण उघडल्यावर यादीतल्या एक-दोन वस्तू जुळल्या की शंका उरत नाही. मुलींच्या वसतिगृहात शिपाई खोलीत जाणार असेल, तर बाई कर्मचारी सोबत हवीच.

मग कोयंडा नीट पाहा. त्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर कुलपाला हातही लावायची गरज नाही. पेचकसाने स्क्रू काढा. कुलपासकट कोयंडा निघून येतो आणि नंतर परत बसतो. हे इतकं सोपं असूनही घाईत कोणाच्या लक्षात येत नाही.

कोयंडा निघत नसेल, तर कुलपाची दांडी तपासा. दांडीवर HARDENED असं कोरलेलं असेल, तर पोलाद कडक केलेलं आहे. काही कोरलेलं नसेल, तर कानशीचा एक हलका फटका मारून बघा. कानस चावली आणि चकाकणारा ओरखडा उठला, तर दांडी मऊ आहे. हॅक्सॉनेही कापता येईल, वेळ तेवढा लागेल. कानस नुसती घसरली, तर हॅक्सॉचं पातंच बोथट होईल, दांडी तशीच राहील.

ट्रंकेवरच्या नेहमीच्या कुलपासाठी दोन फुटी बोल्ट कटर सोयीचा. मात्र त्यावर लिहिलेली क्षमता वाचून घ्या. मऊ सळीसाठी ती जास्त असते आणि कडक पोलादासाठी बरीच कमी. जाड, कडक दांडीवर जोर लावला, तर पात्यालाच खाच पडते. अशी खाच पडलेला कटर पुन्हा वापरू नये.

कापण्याआधी सुरक्षा चष्मा घाला आणि बाकी मुलांना मागे सरकवा. दांडीभोवती जाड, ओलसर फडकं सैल गुंडाळा, म्हणजे तुकडा उडाला तरी त्यातच अडकेल. दांडी पात्यांच्या टोकाशी धरू नका. शक्य तितकी आत, खिळीजवळ सरकवा, कारण सगळा जोर तिथेच मिळतो. कटर दांडीला काटकोनात असू द्या. ट्रंक जमिनीवर असेल, तर कटरचा खालचा दांडा जमिनीला टेकवून वरच्या दांड्यावर अंगाचा भार सावकाश टाका. कटर पिळू नका आणि दांड्यांना पाइप जोडून लांबवू नका. दांडी तुटताना मोठा आवाज होतो, कटर एकदम मिटतो आणि दांड्यांमध्ये बोटं असली तर चिरडतात.

एकदा कापलं की दांडी फिरवून पाहा. कित्येक कुलपांत ती फिरते आणि मोकळी होते. फिरली नाही, तर दुसरी बाजूही कापावी लागते. कापलेली टोकं सुरीसारखी धारदार असतात, म्हणून ती पक्कडीनेच उचला.

ग्राइंडर हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही सराव असलेल्या माणसाच्याच हाती द्यावा. ठिणग्या बऱ्याच दूर जातात आणि वसतिगृहाच्या खोलीत गादी, पडदे, वह्या, डिओड्रंटच्या बाटल्या असतात. ट्रंक उचलून मोकळ्या आवारात न्या, शेजारी पाण्याची आणि वाळूची बादली ठेवा, आणि मशीनवरचं संरक्षक कव्हर काढू देऊ नका. कुलूप हलायला लागलं की चाक खाचेत अडकतं आणि मशीन हातातून उसळतं. म्हणून कुलूप लॉक होणाऱ्या पक्कडीत धरावं, हातात कधीच नाही. ओढणी आणि मोकळे केस लांब राहिले पाहिजेत. ट्रंक हलवता येत नसेल आणि कापणं खोलीतच भाग पडलं, तर आजूबाजूच्या वस्तू बाहेर काढा आणि काम संपल्यावर अर्धा तास कोणीतरी तिथे थांबा. ठिणगी गादीच्या कापसात बराच वेळ धुमसत राहू शकते. कापलेली दांडी थंड झाल्याशिवाय शिवू नका.

दार बंद असून आत कोणी अडकलं असेल, तर मात्र यादी आणि सह्या करत बसू नका. कोयंडा काढा किंवा दांडी कापा, आणि वेळ लागणार असेल तर १०१ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवा.

एरवी ट्रंक उघडली की नवं कुलूप लावा. त्याची दुसरी किल्ली मुलाच्या सहीच्या बंद पाकिटात घालून कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि पाकिटावर खोली क्रमांक लिहा.