शोधयंत्राचा परीक्षक

‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढावा’ या प्रश्नाला शोधयंत्राने दिलेले पान उपयोगी आहे की नाही, हे पूर्वी माणसेच वाचून ठरवत. अमेरिकेत 1992 पासून चालणाऱ्या ‘ट्रेक’ या चाचणी-उपक्रमाचा पायाच अशा मानवी निवाड्यांचा होता. आता हे काम भाषा-मॉडेलकडेही दिले जाते: प्रश्न, पान आणि निकष दिले की ते ‘सुसंगत’ किंवा ‘विसंगत’ असा शेरा देते.

हा शेरा पारखण्यासाठी काही जोड्या माणसांकडूनही तपासून घेतात, तेही मॉडेलचे उत्तर न दाखवता. समजा, 100 जोड्यांपैकी माणसाने 20 आणि मॉडेलने 30 सुसंगत ठरवल्या. त्यांतल्या 18 सामाईक. उरलेल्यांपैकी 68 दोघांनीही नाकारल्या. म्हणजे एकमत 86 टक्के. आकडा भारदस्त वाटतो, पण बहुतेक पाने विसंगतच असल्याने एवढ्या प्रमाणात शेरे वाटले, तर निव्वळ योगायोगानेही 62 टक्के जुळणी होते. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कॅपा’ हा योगायोग वजा करतो: 38 पैकी 24, म्हणजे सुमारे 0.63.

त्याहून बोलकी असते ती चुकांची दिशा. मॉडेलने सुसंगत पाने फक्त 2 गमावली, पण 12 विसंगत पाने स्वीकारली. ती वाचल्यावर कारण उमगते: सातबाऱ्याचा इतिहास सांगणाऱ्या पानात शब्द सगळे असतात, उतारा काढण्याची रीत मात्र नसते. मग निकषात ‘रीत सांगितली असेल तरच’ अशी अट घालून नव्या जोड्यांवर पुन्हा पडताळणी करतात. दोन माणसांचेही पूर्ण एकमत नसते. म्हणून त्यांचा आपसातला कॅपा हीच मॉडेलसाठी रास्त फूटपट्टी.