‘तुझ्यामागे त्याचं कोण?’

समजा, पुण्यातली ३८ वर्षांची अविवाहित बाई मूल दत्तक घ्यायचं ठरवते. कायद्याची हरकत नाही: एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणीही घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल, तर एकट्या पालकाचं वय ४० च्या आत लागतं.

हरकत घरातून येते. मावशी विचारते, “उद्या तुला काही झालं तर?” प्रश्न बोचरा आहे, पण गैर नाही. दत्तक यंत्रणाही तेच विचारते. तुमचं बरंवाईट झालं तर मुलाला सांभाळीन, असं नातेवाइकाचं लेखी हमीपत्र एकट्या अर्जदाराला द्यावं लागतं. घरी येणारी समाजसेविका गृहभेटीच्या अहवालासाठी उत्पन्न आणि तब्येतीबरोबर घरच्यांचं मतही विचारते. म्हणून मावशीशी वाद घालण्यापेक्षा सहीसाठी तिलाच विचारावं. ती नाही म्हणाली, तर दुसरं माणूस आधीच शोधलेलं बरं. शिवाय मृत्युपत्रात पालक नेमून ठेवावा. नुसत्या हमीपत्रावर विसंबू नये.

काकांची शंका वेगळी: “खरे आईबाप परत आले तर?” मूल स्वखुशीने सोपवणाऱ्या पालकांना विचार बदलायला ६० दिवस असतात. ते उलटल्यावरच बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं ठरवते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश निघाला, की वारसाहक्कासकट ते कायद्याने तिचंच. सोपवलेली नव्हे, सापडलेली मुलं असतील, तर आधी पालकांचा शोध घेतला जातो.