स्वयंपाकाच्या इंधनांचे उष्मांक मूल्य आणि भांड्यापर्यंत पोहोचणारी उष्णता

प्रास्ताविक

पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गृहविज्ञान या तिन्ही विषयांच्या अध्यापनात इंधनांच्या उष्मांक मूल्यांचा तक्ता हमखास येतो. एक किलो इंधन पूर्णपणे जळाल्यावर जितकी उष्णता मुक्त होते, ते त्याचे उष्मांक मूल्य होय. या तक्त्यानुसार एलपीजीची उष्णता लाकडाच्या सुमारे तिप्पट भरते. त्यावरून १४.२ किलोच्या एका घरगुती सिलिंडरचे काम ४३ किलो लाकूड करील, असा निष्कर्ष विद्यार्थी सहजपणे काढतात. प्रत्यक्षात पारंपरिक चुलीवर तेवढ्याच कामासाठी सुमारे २१५ किलो वाळलेले लाकूड लागते. ही पाचपट तफावत कोठून येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकक आणि मूल्याचा प्रकार

तुलनेतील पहिली अडचण मापाची आहे. लाकूड, गोवऱ्या आणि एलपीजी किलोवर मोजली जातात, रॉकेल लिटरवर, तर पाईपमधून येणारा नैसर्गिक वायू घनमीटरवर. एक किलो रॉकेलचे उष्मांक मूल्य सुमारे ४३ मेगाज्यूल असते. परंतु रॉकेल पाण्याहून हलके असल्याने एका लिटरमध्ये सुमारे ३५ मेगाज्यूलच मिळतात. तक्ता किलोचा आणि खरेदी लिटरची असेल, तर येथेच चूक होते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. इंधनातील हायड्रोजन जळून पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले असे धरल्यास मिळणारी उष्णता हे स्थूल उष्मांक मूल्य होय. स्वयंपाकघरात ही वाफ भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते. म्हणून येथे निव्वळ मूल्यच ग्राह्य धरावे लागते. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असून त्यात हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे त्याचे स्थूल मूल्य निव्वळ मूल्यापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी अधिक भरते. एका इंधनाचे स्थूल आणि दुसऱ्याचे निव्वळ मूल्य शेजारी मांडले, तर तुलना निरर्थक ठरते.

ओलाव्याचा परिणाम

लाकडाच्या बाबतीत एकच एक आकडा सांगता येत नाही, कारण त्यात पाणी किती आहे यावर सारे अवलंबून असते. पूर्ण शुष्क लाकडाचे निव्वळ मूल्य प्रतिकिलो सुमारे १८.५ मेगाज्यूल असते. नुकत्याच तोडलेल्या, ४० टक्के ओलावा असलेल्या लाकडाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या एका किलोमध्ये ६०० ग्रॅमच लाकूड असते व त्यातून ११.१ मेगाज्यूल मिळतात. उरलेल्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी जवळपास एक मेगाज्यूल खर्च होतो. हाती सुमारे १० मेगाज्यूल उरतात. उन्हात वाळवून ओलावा १५ टक्क्यांवर आणल्यास हाच आकडा १५ मेगाज्यूलपर्यंत जातो. शिवाय ओल्या लाकडाची आच थंड राहते. त्यामुळे लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू न जळताच धूर होऊन बाहेर पडतात. चुलीतील दाट पांढरट धूर हे त्याचे लक्षण होय.

गोवऱ्यांमध्ये ओलाव्याखेरीज राखेचा भाग मोठा असतो. थापताना मिसळलेली माती त्यात भर घालते. चांगल्या वाळलेल्या गोवरीचे मूल्य प्रतिकिलो सुमारे १२ मेगाज्यूल धरता येते. माती जास्त असल्यास ते बरेच खाली येते. जळल्यानंतर उरणाऱ्या राखेच्या वजनावरून त्याचा अंदाज बांधता येतो.

उपयुक्त उष्णतेची तुलना

मुक्त झालेल्या उष्णतेपैकी जितका भाग भांड्यातील अन्नाला मिळतो, ती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता होय. उघड्या चुलीत ज्योत भांड्याच्या कडेने निसटते, गरजेहून अधिक हवा आत शिरते आणि मातीचे बांधकामही तापते. वायूच्या शेगडीत इंधन व हवा आधीच मिसळतात आणि ज्योत तळाशी एकवटते. भारतीय मानक ४२४६ नुसार घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. दैनंदिन वापरात ती कमी भरते. पुढील तक्त्यात दैनंदिन वापरासाठी मध्यम मूल्ये गृहीत धरली आहेत.

| इंधन | निव्वळ उष्मांक मूल्य (मेगाज्यूल) | कार्यक्षमता (टक्के) | उपयुक्त उष्णता (मेगाज्यूल) | एका सिलिंडरशी समतुल्य |
|---|---|---|---|---|
| वाळलेले लाकूड (किलो) | १५ | १२ | १.८ | २१५ किलो |
| गोवऱ्या (किलो) | १२ | १० | १.२ | ३२३ किलो |
| रॉकेल (लिटर) | ३५ | ४५ | १५.८ | २५ लिटर |
| एलपीजी (किलो) | ४५.५ | ६० | २७.३ | १४.२ किलो |
| पाईप गॅस (घनमीटर) | ३५.५ | ५५ | १९.५ | २० घनमीटर |

सिलिंडरमधील १४.२ किलो वायूतून ६४६ मेगाज्यूल मुक्त होतात आणि त्यांपैकी सुमारे ३८८ भांड्याला मिळतात. शेवटचा स्तंभ याच ३८८ मेगाज्यूलना प्रत्येक इंधनाच्या उपयुक्त उष्णतेने भागून आला आहे. डोक्यावरची मोळी २० किलोंची धरली, तर २१५ किलो लाकूड म्हणजे जवळपास ११ फेऱ्या होतात. बाजारात किंमत नसलेल्या या इंधनाचे मोल श्रमाने चुकवावे लागते, आणि ते बहुधा घरातील स्त्रियाच चुकवतात.

ज्या शहरांत दोन्ही वायू उपलब्ध आहेत तेथे खर्चाची तुलना सोपी होते. सिलिंडरच्या किमतीला २० ने भागावे; येणाऱ्या रकमेपेक्षा पाईप गॅसचा प्रतिघनमीटर दर कमी असेल, तर तो स्वस्त पडतो. स्थिर आकार अर्थातच वेगळा धरावा लागतो. मात्र समान आकारमानाच्या एलपीजी वाफेत मिथेनच्या जवळपास तिप्पट उष्णता असते. त्यामुळे पाईप गॅससाठी शेगडीतील जेटचे छिद्र मोठे असावे लागते. एलपीजीच्या बारीक जेटवर पाईप गॅस वापरल्यास ज्योत क्षीण राहते. उलट, पाईप गॅसच्या मोठ्या जेटवर एलपीजी जोडल्यास ज्योत मोठी व पिवळी होऊन भांड्याचा तळ काळा पडतो. तसे करणे धोक्याचेही आहे. म्हणून हा बदल प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा लागतो.

पडताळणी आणि मर्यादा

तक्त्यातील सर्वांत अनिश्चित स्तंभ कार्यक्षमतेचा आहे, आणि तोच महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तपासता येतो. समजा, चुलीवर ५ किलो पाण्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसने वाढले आणि ३०० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. पाणी तापण्यास १४६५ किलोज्यूल आणि वाफ होण्यास ६७८ किलोज्यूल, अशी एकूण २१४३ किलोज्यूल उष्णता पाण्याने घेतली. त्यासाठी १.२ किलो लाकूड, म्हणजे १८००० किलोज्यूल खर्च झाले असतील, तर कार्यक्षमता सुमारे १२ टक्के येते. चुलीत उरलेला कोळसा वेगळा तोलून त्याची उष्णता वजा केली नाही, तर हा आकडा वास्तवाहून कमी येतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींत हीच चूक वारंवार संभवते.

या तुलनेची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. गोवरीची मंद धग दूध दीर्घकाळ तापत ठेवण्यास सोयीची असते आणि निखाऱ्यांवर भाकरी शेकता येते. हे गुण मेगाज्यूलच्या तक्त्यात दिसत नाहीत.

समारोप

उष्मांक मूल्य हा इंधनाचा गुणधर्म आहे. कार्यक्षमता हा इंधन, शेगडी, भांडे आणि हाताळणी या साऱ्यांचा एकत्रित परिणाम आहे. लाकूड आणि एलपीजी यांच्यातील पंधरापट अंतरापैकी तिपटीचा वाटा इंधनाचा आणि पाचपटीचा वाटा चुलीचा आहे. अध्यापनात हे दोन गुणक वेगळे मांडले, तर लाकूड वाळवणे आणि चूल सुधारणे यांमुळे नेमका कोणता आकडा बदलतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः मोजून पाहता येईल.