पन्नास वर्षांनंतरचं पहिलं पाऊल

लग्नात सप्तपदी चालू असते तेव्हा मांडवातली निम्मी माणसं पंगत बसली का, ते बघायला गेलेली असतात. नवरा-नवरीचंही मंत्रांकडे फारसं लक्ष नसतं. अंतरपाट कधीच दूर झालेला, डोळ्यांत होमाचा धूर, आणि भटजी सांगतात तसं तांदळाच्या राशींवरून एकेक पाऊल टाकायचं. सात पावलं म्हणजे सात वचनं. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. 1955च्या हिंदू विवाह कायद्यानेही या सातव्या पावलाला मान दिला आहे. ज्या विवाहविधीत सप्तपदी असते, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरोघरी पुन्हा हार घातले जातात, केक कापला जातो आणि मुलं म्हणतात, "बाबा, दोन शब्द बोला." हे दोन शब्द म्हणजे खरं तर त्याच वचनांची दुसरी फेरी. पहिल्या वेळी वचन देताना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. आता कोणतं वचन पाळलं आणि कोणतं राहून गेलं, याचा सगळा हिशोब जोडीदारासमोर आहे. म्हणून या भाषणात मोठमोठे शब्द टिकत नाहीत. ऐकणारी बाई शेजारीच बसलेली असते आणि तिला सगळं माहीत असतं.

आमच्या काकांचं भाषण लिहायला मी मदत केली, तेव्हा हे नीट कळलं. काका एसटीत कंडक्टर होते. त्यांनी चार दिवस खपून पहिला मसुदा लिहिला होता. सुरुवात "आजच्या या मंगलप्रसंगी" अशी. मग कोणत्या आगारातून कोणत्या आगारात बदली झाली, मुलांची शिक्षणं, घर कधी बांधलं, आणि शेवटी बावीस जणांचे आभार. घड्याळ लावून वाचलं तर अकरा मिनिटं झाली. काकूंचा उल्लेख दोनदा होता. एकदा "सौभाग्यवतीची साथ लाभली" असा, आणि एकदा भाजीत मीठ जास्त पडल्याच्या विनोदात.

हे भाषण सत्काराला शोभलं असतं. वचनाच्या भाषणाचा श्रोता एकच असतो, बाकीचे साक्षीदार. म्हणून पहिला बदल केला तो संबोधनाचा. "माझी पत्नी" गेलं आणि "अगं" आलं. ते संबोधन बदललं की पुढची वाक्यं आपोआप घरगुती होतात.

दुसरा बदल म्हणजे सात पावलांपैकी एकच निवडायचं. सातही घेतली की प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं आणि एकही लक्षात राहत नाही. मी काकांना विचारलं, "यातलं तुमच्या घरात सगळ्यात जास्त कशात दिसलं?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डबा." पहाटेची पहिली गाडी असली की काकू चार वाजता उठायच्या. मुक्कामी गाडी असली की दोन वेळचा डबा. म्हणजे पहिलं पाऊल, अन्नाचं.

तिसरा बदल विनोदाचा. मिठाचा विनोद काढला, कारण त्यात हसणं काकूंवर होतं आणि त्यावर उत्तर द्यायची सोय त्यांना नव्हती. माझी कसोटी सोपी आहे: ती गोष्ट जोडीदार स्वतः चारचौघांत हसत सांगतो का? सांगत असेल तरच ती भाषणात घ्यावी. काकू एक गोष्ट नेहमी सांगतात. निवृत्तीनंतर पहिले काही दिवस काका घरातून बाहेर निघताना सवयीने विचारायचे, "सुट्टे आहेत का?" ती घेतली.

मग भाषण असं झालं:

"अगं, पन्नास वर्षांपूर्वी भटजींनी मला पहिलं पाऊल टाकायला लावलं, तेव्हा मी फक्त धोतर सुटणार नाही ना, एवढंच बघत होतो. ते पाऊल अन्नाचं होतं, हे मला परवा कळलं. गाडीत मी एक बेल दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. लोकांना वाटायचं, गाडी माझ्या हातात आहे. घरी आलो की कळायचं, डबल बेल तुझ्याकडे आहे. तू निघा म्हटलंस की निघायचं, थांबा म्हटलंस की थांबायचं. निवृत्त झालो तेव्हा मी घरातही सुट्टे मागायचो. तू हसून दिलेस.

"मी रोज डबा रिकामा करून आणला. डबा रिकामा दिसला की तुला बरं वाटायचं. पण चार वाजता उठणारी बाई स्वतः कधी जेवते, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. ते वचन तू पाळलंस, मी अर्धंच पाळलं.

"म्हणून आज सगळ्यांसमोर ते पहिलं पाऊल पुन्हा टाकतो. सात जन्मांचं मला कळत नाही. उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. आणि तुझं ताट वाढल्याशिवाय मी पहिला घास घेणार नाही. मी विसरलो, तर एक बेल दे. मी थांबेन."

वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत. याचा कणा बघा: जुनं वचन, ते पाळलं गेल्याचा एक पुरावा, राहून गेलेली एक गोष्ट, आणि नवं वचन. कबुली मात्र बेताची हवी. जी गोष्ट दोघांनी एकांतात कधीच बोललेली नाही, ती हॉलमध्ये पहिल्यांदा सांगू नये. समोरच्याला पाहुण्यांदेखत क्षमा करावी लागते, आणि ती सक्तीच होते. काकांनी जेवणाची गोष्ट आधी घरी सांगितली. काकू म्हणाल्या, "एवढं काय त्यात?" पण उठून आत गेल्या. मग ते वाक्य ठेवायचं ठरलं.

नवं वचन इतकं लहान हवं की दुसऱ्याच दिवशी सकाळी तपासता यावं. "तुला कायम सुखात ठेवीन" याची तपासणी कशी करणार? चहा झाला की नाही, हे साडेसहाला समजतं.

बाकी तयारी साधी. कागदावर अक्षर मोठं काढलं, एका ओळीत एकच वाक्य. घरी मोठ्याने चार वेळा वाचल्यावर काकांचा आवाज नेमका "एकदाही विचारलं नाही" इथे अडकतो, हे दिसलं. तिथे खूण केली, पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि पुढचं वाक्य मुद्दाम छोटं केलं. आवाज दाटला तर थांबावं, घाईने पुढे जाऊ नये. समोरची माणसं थांबतात.

कार्यक्रमात काका तिथेच थांबले. पाणी प्यायले, पुढे वाचलं. बेलच्या वाक्याला हॉल हसला आणि शेवटच्या वाक्याला कोणीच हसलं नाही. मग बायकांनी काकूंना नाव घ्यायचा आग्रह केला. लग्नात त्यांनी मान खाली घालून, पाठ केलेला उखाणा म्हटला होता. या वेळी मान वर करून, काकांकडे बघत त्यांनी नाव घेतलं:

"पहाटेच्या गाडीसाठी बांधून दिली पोळी-भाजी,
…रावांनी चहा केला, तरच पुढे मी राजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे होतो. चहात साखर जरा जास्त पडली होती. काकूंनी कप रिकामा केला, काकांपुढे ठेवला आणि दोनदा चमचा वाजवला.